वेळेवर न थांबलेला रोबो आणि तीस चित्रांची रांग

चाचणीच्या जागेत रोबो अर्धा मीटर प्रतिसेकंद या वेगाने सरळ येत होता आणि त्याच्या वाटेत आम्ही एक खोके ठेवले होते. खोके सुमारे सव्वा मीटरवर असताना त्याने वेग कमी करायला सुरुवात करावी, अशी आखणी होती. त्याने वेग कमी केला, पण बराच पुढे आल्यावर. पुढचा बंपर खोक्याला लागला, बंपरच्या स्विचने मोटरचा पुरवठा तोडला आणि रोबो थांबला. नुकसान काही झाले नाही. मात्र रोबोला खोके दिसलेच नसते, तर त्याने वेग मुळीच कमी केला नसता. खोके त्याला दिसले होते, पण उशिरा, आणि प्रत्येक फेरीत जवळपास तेवढ्याच उशिराने. उशीर असा ठरावीक असला की दोष सेन्सरपेक्षा रचनेत शोधावा, असे माझे मत आहे.

या रोबोवर रॉस २ ही रोबोंसाठीची सॉफ्टवेअर चौकट होती आणि तिच्यातल्या नोडची, म्हणजे वेगवेगळी कामे करणाऱ्या भागांची, मांडणी वरवर पाहता नीटनेटकी होती. कॅमेऱ्याचा नोड `/camera/image_raw` या टॉपिकवर, म्हणजे संदेशांच्या नाव दिलेल्या वाहिनीवर, सेकंदाला ३० चित्रे पाठवत असे. प्लॅनरचा नोड ती घेऊन त्यांतले अडथळे ओळखत असे, मार्ग ठरवत असे आणि टाइमरने दर ५० मिलिसेकंदांनी `/cmd_vel` वर वेगाचा आदेश पाठवत असे. मोटर ड्रायव्हरचा नोड एका वेगळ्या लहान बोर्डावर चालत असे. तो आदेश घेऊन चाके फिरवत असे आणि अर्धा सेकंद नवा आदेश आला नाही तर चाके थांबवत असे.

माझ्या सहकाऱ्याने आधी `ros2 topic hz` चालवून पाहिले. कॅमेऱ्याच्या टॉपिकवर बरोबर ३० चा दर दिसला. `ros2 topic delay` ने दाखवलेला विलंबही किरकोळ होता. यावरून त्याने कॅमेरा आणि संदेशवहन ठीक असल्याचा निष्कर्ष काढला, आणि इथेच शोध भलतीकडे जाण्याचा धोका होता. ही दोन्ही साधने टॉपिकवर संदेश घेणारा स्वतःचा स्वतंत्र सबस्क्रायबर उघडतात. संदेश त्या साधनापर्यंत किती वेळाने पोहोचला एवढेच ती सांगतात. प्लॅनरच्या रांगेत तोच संदेश किती वेळ पडून राहिला, हे त्यांना कळण्याचा मार्गच नसतो. ते मोजायचे तर प्लॅनरच्या कॉलबॅकमध्येच, काम सुरू होण्याआधी, मोजायला हवे. म्हणून चित्राच्या कॉलबॅकच्या आरंभी मी एवढेच घातले:

```cpp
double age = (this->now() - rclcpp::Time(msg->header.stamp)).seconds();
RCLCPP_INFO(get_logger(), "image age: %.3f", age);
```

पहिल्या काही ओळींत चित्राचे वय लहान होते. मग ते वाढत वाढत एका सेकंदाजवळ गेले आणि तिथेच स्थिरावले. वाढून एका जागी थांबणारा हा आकडा पाहिल्यावर कारण कुठे आहे याविषयी शंका राहिली नाही.

अडथळे ओळखण्याचे काम एका चित्राला सुमारे ८० मिलिसेकंद घेत होते आणि नवे चित्र दर ३३ मिलिसेकंदांनी येत होते. साहजिकच रांग भरत होती. सबस्क्रायबरचे क्यूओएस, म्हणजे संदेशवहनाचे नियम, रिलायबल प्रकारचे होते, ज्यात हरवलेला संदेश पुन्हा पाठवला जातो, आणि रांगेची खोली ३० ठेवलेली होती; पूर्वी कोणीतरी 'चित्रे गळू नयेत' म्हणून ती वाढवली होती, अशी टिपणी कोडमध्ये होती. आता ३० गुणिले ८० म्हणजे विलंब २.४ सेकंदांचा असायला हवा, असे सहकाऱ्याने लगेच मांडले. पण तसे होत नाही. 'कीप लास्ट' प्रकारच्या रांगेत, ती भरल्यावर नवे चित्र आले की सर्वांत जुने बाहेर पडते. त्यामुळे रांगेत नेहमी शेवटची ३० चित्रे असतात आणि त्यांतले सर्वांत जुने चित्र ३० गुणिले ३३, म्हणजे जवळजवळ एक सेकंद जुने असते. कॉलबॅक चालवणारा एक्झिक्यूटर रांगेतून नेमके तेच आधी उचलतो. थोडक्यात, अशा रांगेतला विलंब प्रक्रियेच्या वेळेवर अवलंबून नसतो. तो खोली आणि येण्याचा दर यांवरून ठरतो, आणि म्हणूनच तो इतका स्थिर दिसतो. एक सेकंद रांगेचा आणि ८० मिलिसेकंद कामाचे, असे धरले तर अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने रोबो अर्ध्या मीटरहून थोडा जास्त पुढे येणार होता. खोक्याजवळ घडले ते हेच.

रांग लहान करून प्रकरण मिटवता आले असते, पण त्याआधी मला दुसरी एक गोष्ट तपासायची होती. मोटर ड्रायव्हरमध्ये अर्ध्या सेकंदाची राखण होती, तरी एक सेकंद जुन्या माहितीवर चालणाऱ्या आदेशांना तिने हरकत घेतली नव्हती. रोबो स्टँडवर चढवून चाके अधांतरी केली, त्याला चालू लागण्याचा आदेश दिला आणि कॅमेऱ्याची केबल काढली. चाके फिरतच राहिली. प्लॅनरचा टाइमर चित्रांवर अवलंबून नव्हता; शेवटी ठरलेला वेग तो इमानाने पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि मोटर ड्रायव्हरच्या दृष्टीने आदेश वेळेवर येत होते. प्लॅनरची प्रक्रिया बंद केल्यावर मात्र अर्ध्या सेकंदात चाके थांबली. म्हणजे राखण होती ती प्लॅनर जिवंत आहे का याची. रोबोला पुढचे दिसते आहे का, याची राखण कोणीच करत नव्हते. उशिरा थांबण्यापेक्षा हा दोष मला अधिक गंभीर वाटला.

त्यानंतर आम्ही नोडची मांडणी बदलली. प्रत्येक जोडणीवर काय हरवले तर चालेल आणि काय शिळे झाले तर चालणार नाही, हे आधी ठरवले आणि त्यावरून क्यूओएस निवडले. चित्र हरवले तर काही बिघडत नाही, कारण ३३ मिलिसेकंदांत त्याहून ताजे चित्र येते. शिळे चित्र मात्र नको. म्हणून अडथळे ओळखण्याचे काम प्लॅनरमधून काढून वेगळ्या नोडमध्ये नेले आणि त्याच्या सबस्क्रायबरला एकाच चित्राची रांग आणि हरवलेले चित्र पुन्हा न मागणारे बेस्ट एफर्ट क्यूओएस दिले:

```cpp
auto qos = rclcpp::QoS(rclcpp::KeepLast(1)).best_effort();
```

६४० बाय ४८० चे रंगीत चित्र ९,२१,६०० बाइटचे होते. सेकंदाला ३० म्हणजे साडेसत्तावीस मेगाबाइटहून अधिक. एवढा प्रवाह एका प्रक्रियेतून दुसरीत वाहून नेण्यात अर्थ नव्हता. म्हणून कॅमेऱ्याचा नोड आणि ओळखीचा नोड एकाच कंपोनंट कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच प्रक्रियेत, घातले आणि प्रक्रियेच्या आतील संदेशवहन सुरू केले. चित्र युनिक पॉइंटरने पाठवले आणि आतला घेणारा एकच असला, तर त्याची प्रत काढावी लागत नाही. प्लॅनरकडे आता फक्त अडथळ्यांची छोटी यादी जाऊ लागली. ती रिलायबल ठेवली, पण खोली १ च. यादी काही शे बाइटची असल्याने हरवली तर पुन्हा पाठवणे स्वस्त पडते, आणि खोली १ असल्याने जुनी यादी मागे साचत नाही.

एकाच कंटेनरमध्ये घालताना एक काळजी घ्यावी लागते. सगळे कंपोनंट एकाच धाग्यावर चालले तर ओळखीचे ८० मिलिसेकंद संपेपर्यंत कॅमेऱ्याच्या नोडचे टाइमरही अडकून पडतात. आम्ही बहुधागी कंटेनर वापरला. मोटर ड्रायव्हर या कंटेनरमध्ये आणण्याची सूचनाही पुढे आली होती. ती मी मान्य केली नाही, कारण चित्रांवर काम करणारा एक कंपोनंट कोसळला की कंटेनरची सगळी प्रक्रियाच जाते, आणि चाके थांबवण्याची जबाबदारी असलेला भाग तिच्याबरोबर जाता कामा नये.

या बदलांत आम्ही कॅमेऱ्याचा पब्लिशरही बेस्ट एफर्ट केला, आणि चित्रांची नोंद ठेवणारा नोड गप्प झाला. `rqt_graph` मध्ये बाण जागच्या जागी दिसत होता, पण चित्र एकही पोहोचत नव्हते. पब्लिशर बेस्ट एफर्ट आणि सबस्क्रायबर रिलायबल असला तर जोडणी होतच नाही. याच्या उलट असले तर होते. लॉगमध्ये विसंगत क्यूओएसची सूचना एकदाच येऊन वर निघून गेली होती. अशा वेळी दोन्ही बाजूंचे क्यूओएस समोरासमोर पाहण्यासाठी हा आदेश पुरतो:

```
ros2 topic info /camera/image_raw --verbose
```

नोंद ठेवणाऱ्या नोडलाही बेस्ट एफर्ट केल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

राखणीचा प्रश्न यापेक्षा जास्त विचार मागणारा होता. प्लॅनरच्या टाइमरने 'चित्र ताजे आहे का' हे तपासणे हा सोपा मार्ग होता, पण मग भरवसा पुन्हा प्लॅनरवरच राहिला असता. त्याऐवजी चित्राच्या क्षणाची वेळच आम्ही साखळीतून पुढे नेली. ओळखीचा नोड यादीवर मूळ चित्राचा टाइमस्टॅम्प लावतो. प्लॅनर तोच टाइमस्टॅम्प `TwistStamped` प्रकारच्या आदेशावर लावतो, आदेश पाठवण्याची वेळ लावत नाही. मोटर ड्रायव्हर ५० हर्ट्झच्या स्वतःच्या टाइमरमध्ये शेवटच्या आदेशाचे वय पाहतो आणि ते ३०० मिलिसेकंदांच्या वर गेले की वेग शून्यावर आणतो. ही मर्यादा अंदाजाने घेतलेली नव्हती. नव्या मांडणीत आदेशाचे वय साधारण १२० मिलिसेकंद येत होते. ओळखीच्या सलग दोन फेऱ्या हुकल्या तर त्यात १६० ची भर पडून ते २८० होते. तेवढे खपवून घ्यायचे आणि त्यापुढे थांबायचे, असे ठरले. या वेळात रोबो १५ सेंटिमीटर पुढे जातो आणि नंतर ब्रेकचे अंतर वेगळे लागते, हे थांबण्याच्या हिशेबात धरले.

ही पद्धत लावल्याबरोबर रोबो जागचा हलेना. मोटर ड्रायव्हर दुसऱ्या बोर्डावर होता आणि त्या बोर्डाचे घड्याळ जवळपास अर्धा सेकंद पुढे होते, त्यामुळे त्याच्या लेखी प्रत्येक आदेश जन्मतःच शिळा होता. घड्याळ मागे असते तर ते जास्त वाईट ठरले असते, कारण शिळा आदेशही ताजा भासला असता. दोन्ही बोर्डांवर घड्याळे जुळवणारे `chrony` लावून लहान बोर्डाला मुख्य संगणकाची वेळ घ्यायला लावली, आणि टाइमस्टॅम्प ५० मिलिसेकंदांहून अधिक भविष्यातला असेल तर तोही आदेश नाकारण्याची अट घातली. कॅमेऱ्याचा आमचा ड्रायव्हर चित्र संगणकात पोहोचल्यावर टाइमस्टॅम्प लावतो, चित्र टिपताना नाही. म्हणून खरे वय दिसते त्याहून थोडे जास्त असते. ती तूट या पद्धतीने भरून निघत नाही.

त्यानंतर स्टँडवर केबल पुन्हा काढली, तेव्हा चाके सुमारे एक तृतीयांश सेकंदात मंदावू लागली. जमिनीवरच्या फेऱ्यांत रोबो खोक्यापासून ठरलेल्या अंतरावर थांबला. बंपरच्या स्विचची तार मात्र आम्ही होती तशीच, कोणत्याही टॉपिकमधून न नेता, थेट मोटरच्या पुरवठ्यावर ठेवली.