कलम ११ सोपे करताना

माझ्या भाचीने एक घर बारा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतले होते. करार १० जूनला सुरू झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस तिला दुसऱ्या ठिकाणी नोकरी मिळाली आणि घर लवकर सोडण्याची वेळ आली. तिने मला कराराचे पान पाठवून विचारले, "मावशी, सहा महिने झाले की निघता येते, असेच लिहिले आहे ना? मग ९ नोव्हेंबरला सूचना देते आणि ९ डिसेंबरला निघते." कार्यालयीन मजकूर तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे उत्तर देण्याआधी मूळ कलम दोनदा वाचले. ते असे होते :

"सदर करार मुदतपूर्व संपुष्टात आणावयाचा झाल्यास लिहून घेणार यांनी लिहून देणार यांस एक पूर्ण कॅलेंडर महिन्याची लेखी पूर्वसूचना देणे बंधनकारक राहील, परंतु अशी सूचना कराराच्या प्रारंभापासून सहा महिन्यांचा बंधन कालावधी पूर्ण होण्यापूर्वी देता येणार नाही, आणि तसे न केल्यास अथवा सूचनेचा कालावधी पूर्ण होण्यापूर्वी सदर मिळकतीचा ताबा सोडल्यास उर्वरित कालावधीच्या भाड्याइतकी रक्कम अनामत रकमेतून वळती करून घेण्याचा अधिकार लिहून देणार यांस राहील, आणि शिल्लक अनामत रक्कम, नैसर्गिक झीज वगळता झालेले नुकसान व थकीत देयके वजा जाता, मिळकतीचा निर्वेध व प्रत्यक्ष ताबा परत मिळाल्यापासून तीस दिवसांत बिनव्याजी परत करण्यात येईल."

हे सगळे एकच वाक्य आहे. वाचणारा पहिल्या "परंतु"पाशी अडखळतो आणि "तीस दिवसांत" येईपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. भाचीची अडचण तर त्याहूनही आधीची होती. लिहून घेणार म्हणजे घरमालक, असे ती धरून चालली होती, कारण करार लिहून घेण्याचा आग्रह मालकांचाच होता. दस्ताच्या भाषेत मात्र घर वापरायला देणारा तो लिहून देणार आणि वापरायला घेणारा तो लिहून घेणार. म्हणून मी कागदावर सर्वांत आधी या दोन शब्दांच्या जागी "घरमालक" आणि "तू" असे लिहिले. एवढ्यानेच अर्धा मजकूर उलगडला.

त्यानंतर मी कलमातली फक्त क्रियापदे अधोरेखित केली : देणे बंधनकारक राहील, देता येणार नाही, सोडल्यास, अधिकार राहील, परत करण्यात येईल. प्रत्येक क्रियापदाशी कोणी, काय, कधीपर्यंत आणि न केल्यास काय, हे चार प्रश्न लावायचे, अशी माझी जुनी सवय आहे. ज्या क्रियापदापाशी यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तिथे एक तर दुसरे कलम पाहावे लागते किंवा मूळ मजकूरच संदिग्ध असतो. "परत करण्यात येईल" याला कर्ता नाही, पण अनामत घरमालकांकडेच असल्यामुळे तो ओळखता येतो. "लेखी" म्हणजे नेमके काय, हे या कलमात नव्हते. ते सहा कलमे पुढे, सूचना कशी द्यावी याविषयीच्या कलमात सापडले : सूचना सहीच्या कागदावर असावी आणि ती घरमालकांच्या पत्त्यावर पोचल्याच्या दिवशी दिली असे मानले जाईल. भाची मोबाइलवर संदेश पाठवून मोकळी होणार होती.

सर्वांत जास्त वेळ तारखांना लागला. भाचीने "सहा महिने" आणि "एक महिना" हे दोन्ही कालावधी एकमेकांत मिसळले होते, म्हणजे सहाव्या महिन्यातच सूचना द्यायची आणि दोन्ही एकदम संपवायचे. कलम मात्र सहा महिने संपेपर्यंत राहण्याविषयी बोलत नाही, तर ते पूर्ण होण्यापूर्वी सूचनाच देता येणार नाही, असे म्हणते. १० जूनपासूनचे सहा महिने ९ डिसेंबरला पूर्ण होतात, म्हणून सूचना घरमालकांच्या हाती पडण्याचा पहिला ग्राह्य दिवस १० डिसेंबर. पुढे "एक पूर्ण कॅलेंडर महिना" असे शब्द आहेत. ३० दिवस नव्हे, तर १ तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचा महिना. १० डिसेंबरला डिसेंबर अर्धवट झालेला असल्यामुळे तो मोजला जात नाही आणि पूर्ण महिना म्हणून जानेवारीच धरावा लागतो. म्हणजे भाड्याची जबाबदारी ३१ जानेवारीला संपते. ती ९ डिसेंबर धरून बसली होती, त्यात ५३ दिवसांचा फरक पडला, आणि तो केवळ "पूर्ण" आणि "देता" या दोन शब्दांमुळे. सूचना २ जानेवारीला पोचली असती, तर आणखी एक महिना वाढला असता.

माझा पहिला मसुदा चांगला झाला आहे, असे मला वाटले होते. त्यात मी लिहिले होते : "सहा महिने राहावेच लागेल. नंतर एक महिन्याची सूचना द्यावी लागेल. लवकर सोडल्यास घरमालक अनामत कापतील." वाक्ये छोटी होती आणि वाचायला सोपी होती. "समजले का?" असे विचारले असते, तर कोणीही हो म्हटले असते, म्हणून मी भाचीच्या मैत्रिणीला तो मसुदा देऊन वेगळा प्रश्न विचारला : सूचनेचा कागद कोणत्या तारखेला देशील आणि किल्ल्या कोणत्या तारखेला देशील? तिने १० डिसेंबर आणि ९ जानेवारी अशा तारखा सांगितल्या. दोष तिचा नव्हता. कॅलेंडर महिन्याची अट मी सोपेपणाच्या नादात गाळली होती. दुसरी चूक मला स्वतःलाच दिसली : "अधिकार राहील" याचे मी "कापतील" असे केले होते. अधिकार असणे म्हणजे कापणे अटळ असणे नव्हे. घरमालकांना नवा भाडेकरू लगेच मिळाला, तर ते कापणार नाहीत, तशी विनंती करायला जागा आहे, आणि "कापतील" या शब्दाने ती जागा बुजत होती. तिथे "कापू शकतात" असेच हवे.

खरी गाठ "उर्वरित कालावधीच्या भाड्याइतकी रक्कम" या शब्दांत होती. कोणता कालावधी उर्वरित? सूचनेचा, बंधनाचा की संपूर्ण कराराचा? समजा, भाचीने १० डिसेंबरला सूचना देऊन ३१ डिसेंबरलाच घर सोडले. सूचनेचा कालावधी धरला, तर जानेवारीचे एका महिन्याचे भाडे कापले जाईल. कराराचा धरला, तर १ जानेवारी ते ९ जून, म्हणजे पाच महिने नऊ दिवसांचे भाडे होते. तिची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी होती, ती सगळीच गेली असती. आधीचे शब्द सूचनेच्या कालावधीविषयी असल्यामुळे मला पहिला अर्थ अधिक सरळ वाटत होता. तरीही सोपा मजकूर लिहिताना मी तो अर्थ गुपचूप धरला असता, तर मूळ कागदात नसलेली खात्री माझ्या कागदात आली असती, आणि भांडणाच्या वेळी सही झालेला मूळ कागदच पाहिला जातो. म्हणून मी ते वाक्य कोरे ठेवले आणि भाचीला घरमालकांकडून एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर मागायला सांगितले : "कलम ११ मधील उर्वरित कालावधी म्हणजे सूचनेचे राहिलेले दिवस, असे आम्ही समजतो. हे बरोबर आहे का?" कलमाचा अर्थ काय, असा मोकळा प्रश्न विचारला की उत्तरात बहुधा तेच कलम पुन्हा उतरवून येते, म्हणून प्रश्न हो किंवा नाही म्हणता येईल असा ठेवला.

घरमालकांनी दोन दिवसांनी ईमेलवर "होय, सूचनेचेच दिवस" असे कळवले. कॅलेंडर महिन्याच्या अटीवर मात्र ते ठाम राहिले. (त्यांनी हा मसुदा कुठूनसा जसाच्या तसा घेतला होता, असे बोलण्यातून कळले. अशा कलमांचे बरेचदा असेच असते.) मग कोरी जागा भरून मी अंतिम मजकूर असा केला :

"९ डिसेंबरपर्यंत तू घर सोडण्याची सूचना देऊ शकत नाहीस. १० डिसेंबरपासून सूचना देता येईल. ती कागदावर लिहून, सही करून घरमालकांच्या पत्त्यावर पोचव आणि पोच घे. ती ज्या दिवशी पोचेल, त्यानंतर येणाऱ्या १ तारखेपासून एक महिना मोज. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतचे भाडे तुला द्यावे लागेल. सूचना १० ते ३१ डिसेंबरदरम्यान पोचली, तर तो दिवस ३१ जानेवारी आहे. त्याआधी घर सोडलेस, तर राहिलेल्या दिवसांचे भाडे घरमालक अनामतीतून कापू शकतात. सगळे सामान काढून सगळ्या किल्ल्या घरमालकांच्या हातात दे. त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत त्यांनी अनामत परत द्यायची आहे. थकलेली बिले आणि तुझ्यामुळे झालेले नुकसान ते त्यातून कापू शकतात, पण रोजच्या वापराने झालेली झीज कापू शकत नाहीत. अनामतीवर व्याज मिळणार नाही."

शब्द मूळ कलमापेक्षा कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढलेच. ते मला चालते, कारण आता प्रत्येक वाक्यात एकच काम आहे. सामान आणि किल्ल्या यांचे वाक्य "निर्वेध व प्रत्यक्ष ताबा" या शब्दांतून आले आहे. भाचीचे एक कपाट नंतर नेण्याचा बेत होता, पण कपाट घरात असेपर्यंत ताबा निर्वेध नाही, असे म्हणायला वाव राहतो आणि तीस दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. झीज आणि नुकसान यांतला फरक मी मजकुरात अधिक फोडला नाही. भिंतीचा उडालेला रंग ही झीज आणि फुटलेले वॉश बेसिन हे नुकसान, एवढे मी तिला तोंडी सांगितले आणि निघण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढायला लावले.

मूळ कलमाची प्रत आणि हा मजकूर तिने एकाच पानावर शेजारी शेजारी लावून घेतले, खाली घरमालकांच्या ईमेलची तारीख लिहिली. सूचनेचा कागद तिने १० डिसेंबरला हाती नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर सही घेतली. नवी नोकरी डिसेंबरातच सुरू झाली, तरी जानेवारीचे भाडे तिने भरले, कारण ते भरावे लागणार हे तिला ऑक्टोबरातच कळले होते. ३१ जानेवारीला कपाटासह घर रिकामे करून तिन्ही किल्ल्या दिल्या आणि "आज घर रिकामे मिळाले, तीन किल्ल्या मिळाल्या" अशा एका ओळीवर घरमालकांची तारखेसह सही घेतली. त्या वर्षी फेब्रुवारी २८ दिवसांचा होता, म्हणून तिने अनामतीसाठी २ मार्च ही तारीख नोंदवून ठेवली. पैसे २७ फेब्रुवारीला आले, शेवटचे वीजबिल तेवढे वजा होऊन.