रिपोर्टात किडा निघाला नाही तेव्हा

“रिपोर्टात तर किडा निघालाच नाही, डॉक्टर. मग खरजेचं औषध कशाला?”

आधी सांगा, तपासणीसाठी कातडी खरवडली कुठून? साध्या खरजेत अख्ख्या अंगावर मिळून किडे असतात दहा-पंधरा. बाकी जे पुरळ दिसतं ते त्या किड्याची, त्याच्या अंड्यांची आणि विष्ठेची अ‍ॅलर्जी. तिथे किडा असेलच असं नाही.

ऊसतोड संपवून बीडकडे परतलेली एक बाई आली होती. कोपीत सगळे एकाच गोधडीत. “रातच्याला डोळ्याला डोळा लागत नाही,” म्हणाली. हातात एका लॅबचा कोरा रिपोर्ट. पोटावरच्या सोललेल्या फोडातून नमुना घेतला होता. खाजवून सोललेल्या जागी किडा सहसा मिळतच नाही, तो नखाबरोबर निघून जातो.

मी भिंग घेऊन तिची बोटांची बेचकी आणि मनगटं पाहिली. डाव्या मनगटावर पाचेक मिलिमीटरची पांढुरकी, वाकडी रेघ होती. ते बीळ. मादी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच पोखरत जाते, दिवसाला अर्धा ते पाच मिलिमीटर, आणि मागे रोज दोन-तीन अंडी टाकते. म्हणजे ती सापडणार बिळाच्या पुढच्या टोकाला. रेघेवर शाईचं पेन फिरवून स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. वरची शाई गेली, बिळात उतरलेली राहिली.

मग खनिज तेलाचा थेंब टाकला आणि पंधरा नंबरच्या ब्लेडने अख्खी रेघ खरवडून काचपट्टीवर घेतली. तेलच का? पोटॅशच्या द्रावणात कातडी विरघळून किडा स्वच्छ दिसतो खरा, पण तो मरतो आणि विष्ठेच्या गोळ्याही विरघळतात. या गोळ्या मला हव्या असतात. किडा, अंडं किंवा त्या तपकिरी गोळ्या, तिघांपैकी एक दिसलं तरी निदान पक्कं.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन लांबट अंडी दिसली आणि कडेला मादी. जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, गोल, कासवासारखी. पुढचे चार आखूड पाय बाहेर, मागचे चार अंगाखाली दडलेले. तेलात सावकाश हलत होती. बाईला दाखवलं तर ती खुर्चीवरून उठलीच.

काही सापडलं नसतं तरी औषध दिलंच असतं. रात्रीची खाज, बेचक्यातली बिळं आणि घरात दुसऱ्यालाही तेच, एवढं मला पुरतं. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं आणि आठवड्याने पुन्हा, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री.

“पण मालकाला तर खाजच नाही.”

पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच दोन ते सहा आठवडे लागतात, ताई. त्यांनाही लावा.