सरासरी बरोबर, मधलं चुकीचं: फिटनेस बँड वापरून पाहिल्यावर

अर्ध मॅरेथॉनची तयारी सुरू केली तेव्हा आमच्या सरांनी पहिलीच अट घातली: सुरुवातीचे काही आठवडे सावकाश पळायचं आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १४०च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. माझं वय ४४. २२० वजा वय या ढोबळ सूत्राने माझी कमाल गती १७६ येते, त्यामुळे १४० ही मर्यादा पटण्यासारखी होती. ठोके मोजायला मी एक मध्यम किमतीचा बँड घेतला. त्याच्या खोक्यावर 'अचूक हृदयगती, २४ तास', 'झोपेचं सखोल विश्लेषण' आणि '१४ दिवस बॅटरी' असं ठळक छापलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत 'हे वैद्यकीय उपकरण नाही' हेही होतं. या दोन टोकांच्या मधे खरं काय आहे ते मला बघायचं होतं. म्हणून ग्रुपमधल्या एका मैत्रिणीकडून छातीला बांधायचा पट्टा मागून घेतला आणि बरेच महिने दोन्ही एकत्र वापरले.

छातीचा पट्टा आणि मनगटावरचा बँड एकच गोष्ट मोजत नाहीत, हे आधी सांगायला हवं. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, ईसीजीसारखेच. बँड त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो आणि त्यावरून बँड ठोके ओळखतो. हात स्थिर असेल तर हे छान जमतं. हात हलायला लागला की मनगटावर बँडही हलतो, प्रकाश त्यामुळेही कमी-जास्त होतो, आणि त्यातला ठोका कुठला आणि हालचाल कुठली हे सॉफ्टवेअरला ओळखावं लागतं.

तळजाईच्या टेकडीवरची एक सकाळ सांगते. थंडीचे दिवस होते. सुरुवातीला दहाएक मिनिटं चालले. पट्टा १०३ दाखवत होता, बँड १०४. पळायला लागले आणि पहिल्याच मिनिटात बँडने १५७वर उडी मारली. पट्टा तेव्हा १२१वर होता. श्वास अगदी आरामात चालला होता, मैत्रिणीशी पूर्ण वाक्यांत बोलता येत होतं, त्यामुळे १५७ हा आकडा शरीराशी जुळतच नव्हता. तिसऱ्या मिनिटाला पट्टा १३९वर पोचला, म्हणजे सरांच्या मर्यादेच्या आत. बँड मात्र १५८ला चिकटून बसला होता आणि 'तीव्र व्यायाम' असं सांगत होता. फक्त बँडवर विश्वास ठेवला असता तर मला पळणं थांबवून चालावं लागलं असतं.

हा आकडा आला कुठून ते घरी येऊन अ‍ॅप उघडल्यावर कळलं. त्या वेळात माझी पावलं मिनिटाला १५८ पडत होती. हात पावलांच्या तालावर हलतात, तो ताल नियमित आणि जोरदार असतो, आणि सकाळच्या थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे खऱ्या ठोक्यांचा संकेत क्षीण झालेला असतो. मग सॉफ्टवेअर पावलांनाच ठोके समजून मोजतं. पळणाऱ्या मंडळींमध्ये हे सर्रास घडतं. ओळखायची खूण सोपी आहे: पळायला लागताच आकडा एकदम १५० ते १८०च्या घरात जातो आणि चढ-उतार काहीही असले तरी तिथून हलत नाही. खरे ठोके असे वागत नाहीत, ते मिनिटा-दोन मिनिटांत हळूहळू चढतात. शंका आली की थांबून मानेवर दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचं. थांबल्यावर ठोके लगेच उतरू लागतात, त्यामुळे हा आकडा थोडा कमी येतो, पण १२० आणि १५७मधला फरक कळायला तेवढं पुरतं.

पुढे तीव्र चढ लागला आणि उलटंच झालं. चढावर मी भरभर चालत होते, पट्टा १६५ दाखवत होता आणि बँड १४०च्या आसपास. ठोके झपाट्याने वाढतात तेव्हा बँड मागे पडतो, कारण तो काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतो.

घरी आल्यावर दोन्हींचा गोषवारा शेजारी ठेवला. पूर्ण वेळेची सरासरी पट्ट्यावर १४१ आणि बँडवर १४३. नुसती सरासरी बघितली तर बँड अचूक वाटतो! सुरुवातीला जास्त दाखवलेलं आणि चढावर कमी दाखवलेलं एकमेकांत मिटून गेलं होतं. 'अचूक' या दाव्यातली खरी गोम इथे आहे. अचूकता बसलेल्या माणसावर तपासली की पळणाऱ्यावर, सरासरीची की क्षणाक्षणाची, हे माझ्या खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि ज्याला ठोक्यांच्या मर्यादेत राहून पळायचं आहे त्याला सरासरीचा उपयोग नसतो, त्याला आत्ताचा आकडा लागतो.

काही उपायांनी फरक पडला, तेही सांगते. बँड मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवला, पळताना एक भोक घट्ट केलं आणि निघण्यापूर्वी हात चोळून गरम केले, तेव्हा सुरुवातीची ती उडी बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही. सावकाश पळताना आता बँड चालतो, पण चढाच्या आणि वेगाच्या सरावाला मी छातीचा पट्टाच बांधते. मैत्रिणीचा परत करून स्वतःचा घेतला.

विश्रांतीच्या ठोक्यांबाबत मात्र या बँडला मी मनापासून दाद देईन. रात्री झोपेत हात स्थिर असतो, त्वचा गरम असते, आणि तेव्हाचे आकडे पट्ट्याशी एक-दोन ठोक्यांच्या फरकाने जुळले. माझा नेहमीचा आकडा ६१-६२ असतो. एका पावसाळी आठवड्यात तो ७०वर गेला आणि दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. यावरून बँड ताप ओळखतो असं मी म्हणणार नाही, कारण अपुरी झोप आणि आदल्या दिवशीचा जड सराव यांनीही तो आकडा वाढलेला मी पाहिला आहे. पण विश्रांतीचे ठोके सात-आठने वाढलेले दिसले की त्या दिवशी मी पळणं टाळते.

झोपेच्या विश्लेषणाचं चित्र वेगळं आहे. किती वाजता झोपले आणि किती वाजता उठले हे बँड साधारण बरोबर सांगतो. पण गाढ झोप १ तास १२ मिनिटं, स्वप्नांची झोप १ तास ४० मिनिटं अशी मिनिटांपर्यंतची विभागणी तो अंदाजानेच करतो. झोपेचे टप्पे नीट मोजायला मेंदूच्या लहरी लागतात, डोक्याला तारा लावून रात्रभर तपासणी करावी लागते. बँडकडे फक्त हालचाल आणि ठोके आहेत. झोप येत नाही म्हणून मी बराच वेळ निश्चल पडून राहिले, तो वेळ त्याने 'हलकी झोप' म्हणून जमा केला. ज्याला निद्रानाशाचा त्रास आहे त्याला हा बँड नेमकी उलटी माहिती देईल, ही मला गंभीर बाब वाटते.

उष्मांकांवर तर मी विश्वासच ठेवणार नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली होती. त्यांपैकी सहा उपकरणांच्या हृदयगतीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण उष्मांकांत सगळ्यांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. माझा अनुभव त्याच दिशेचा. ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालल्यावर ६० किलोच्या माणसाचे साधारण २१० उष्मांक खर्च होतात, आणि त्यातले ६० तर नुसतं बसून राहिलं असतं तरी झालेच असते. म्हणजे चालण्याचे असे दीडशे. बँडने मला तितक्याच चालण्याचे ३०० दिले. मग अ‍ॅपमध्ये माझं वजन दहा किलोने वाढवून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पुन्हा चालले, तर आकडाही वाढला. उष्मांक मोजणारा सेन्सर बँडमध्ये नसतोच. तुम्ही भरलेलं वय, वजन आणि ठोके एका सूत्रात घालून तो उत्तर काढतो. त्यातले ठोके वर सांगितल्याप्रमाणे पावलांचे निघाले तर उत्तराचं काय होत असेल ते उघड आहे. हा आकडा बघून कुणी जास्तीची पोळी वाढून घेऊ नये.

पोळीवरून आठवलं, पोळ्या लाटताना पावलं वाढतात. भाजीची जड पिशवी बँड असलेल्या हातात धरून मंडईतून घरी आले तर निम्मीही मोजली जात नाहीत, कारण हात हलत नाही. मोकळ्या हातांनी चाललं की मोजणी चांगली येते, शंभर पावलांत दोन-तीन इकडेतिकडे.

बॅटरीचा दावा खोटा नाही, पण त्याच्या अटी वेगळ्या पानावर होत्या. १४ दिवस मिळतात ते ठोके दर अर्ध्या तासाने मोजले आणि रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी बंद ठेवली तर. 'अचूक हृदयगती, २४ तास' हे त्याच खोक्यावर लिहिलेलं हवं असेल, म्हणजे ठोके दर मिनिटाला मोजायचे असतील, तर बॅटरी आठवडाभरही पुरत नाही. दोन्ही दावे एकाच वेळी खरे होऊ शकत नाहीत.

ऑक्सिजनचा आकडा मी आता बंदच ठेवला आहे. एका रात्री हात अंगाखाली दबलेला असताना बँडने ९० दाखवलं. उठून बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर बघितलं तर ९७. शेजारच्या काकूंना दमा आहे आणि त्या हेच बघायला बँड घेणार होत्या. त्यांना मी बोटाचा ऑक्सिमीटर घ्यायला सांगितलं, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

घेणाऱ्याने दुकानाची परत करण्याची मुदत संपण्याआधी एक तपासणी करून घ्यावी: आधी पाच मिनिटं स्वस्थ बसून, मग चालताना, मग पळताना किंवा जिने चढताना, प्रत्येक वेळी मानेवर बोटं ठेवून बँडशी ताडून बघायचं. शिवाय सॉफ्टवेअर अपडेटवर लक्ष ठेवावं. एका अपडेटनंतर माझी गाढ झोप एका रात्रीत अर्ध्या तासाने वाढली आणि तशीच राहिली. दिनक्रम तोच होता, बदललं होतं ते सूत्र. तेव्हापासून अपडेट आला की मी वहीत तारीख लिहून ठेवते आणि त्याआधीच्या आकड्यांची नंतरच्या आकड्यांशी तुलना करत नाही.