जर्मनचा डबा आणि मुक्कामी गाडी

गेल्या दिवाळीच्या आधी दादाने माळा आवरताना सापडलेल्या एका डब्याचा फोटो आमच्या भावंडांच्या ग्रुपवर टाकला. जर्मनचा डबा, एका बाजूने चेपलेला, झाकणाची कडी तुटलेली. खाली एकच शब्द: "ओळखा." त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तिघं त्या डब्यावरच बोलत होतो. मधेमधे ताईची गुडघेदुखी आणि भाच्याच्या लग्नाचा हॉलही होताच, पण गाडी फिरून डब्यावर यायची. त्यातले हे चार-पाच मेसेज:

ताई: "हा तर दादाचा डबा. मुक्कामी गाडीने जायचा नगरला."
मी: "आणि मी द्यायचे कंडक्टरला. रोज."
दादा: "रोज काय बेबे, एकदा भाकरी सांडली होतीस."
मी: "तुला कसं माहीत???"
दादा: "त्या दिवशी डब्यात बाजरीची निघाली. त्या साली आपल्या घरात बाजरी होती का?"

मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. भाकरी सांडल्याचं मी आईला सांगितलं नव्हतं, ताईलाही नव्हतं. पन्नास वर्षं ती गोष्ट माझ्याजवळ अर्धी होती आणि उरलेली अर्धी दादाजवळ.

दिवाळीला नातवंडं येणार होती. नात पाच वर्षांची, नातू आठ. त्यांना हे सांगायचंच, आणि नुसतं सांगून सोडायचं नाही, लिहून द्यायचं, असं तेव्हाच ठरवलं.

सगळ्यात आधी चॅट सोडवून घेतलं. ग्रुप उघडून वरचे तीन ठिपके, मग More, मग Export chat, मग Without media. सगळं बोलणं एका फाइलमध्ये येतं, ती मी स्वतःलाच मेल केली. त्यात ताईचे व्हॉइस मेसेज मात्र नव्हते, ते असे येत नाहीत. मग तिचे दोन्ही मेसेज थांबवत थांबवत ऐकले आणि वहीत तिच्याच शब्दांत उतरवले. "गाडीचा भोंगा ऐकला की आई चुलीपुढूनच ओरडायची, पोरी पळ!" हे वाक्य मला तिथे मिळालं. मी आठवून लिहिलं असतं तर "आई मला घाई करायची" एवढंच लिहिलं असतं.

पहिला खर्डा एका बैठकीत झाला आणि मला फार आवडला. 1972 च्या दुष्काळापासून सुरुवात, मग आमचं गाव, मग मुक्कामी गाडी म्हणजे काय, मग दादा नगरला शिकायला कसा राहिला. साडेआठशे शब्द. नातवाला फोनवर वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदाला तो म्हणाला, "आजी, मुलगी कधी येणार?"

पुन्हा चॅट उघडलं, तेव्हा चूक कुठे होती ते दिसलं. आम्ही तिघं बोलत होतो तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. मिलो म्हटलं की तिघांच्या जिभेवर तीच चव. त्या साली रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. घरोघरी तिचीच भाकरी, थापताना चिरफाळणारी. म्हणून दादाने "बाजरीची निघाली" एवढं म्हटलं आणि आम्हाला सगळं कळलं. मुलांना ते कळायला हवं असेल तर भाकरीचा रंग त्यांना आधी, सहज, दिसून गेला पाहिजे. दुष्काळावरचा माझा अख्खा परिच्छेद त्यासाठी उपयोगाचा नव्हता. त्याच्या जागी शेवटी एवढंच उरलं:

"त्या वर्षी पाऊस आलाच नाही. शेतात काही पिकलं नाही. म्हणून गावातल्या सगळ्या घरांत एकच भाकरी व्हायची, दुकानातून आणलेल्या ज्वारीची. तांबडी, विटेसारखी. दादाच्या डब्यात रोज दोन तांबड्या भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा."

दुसरी अडचण क्रियापदांची होती. गप्पांमध्ये आपण सगळं "जायचे, द्यायचे, असायचं" असं बोलतो. माझा खर्डाही तसाच होता: मी उठायचे, आई भाकरी थापायची, गाडी पारापाशी उभी असायची. ऐकायला गोड लागतं, पण त्यात काही घडत नाही, कारण रोजचीच गोष्ट आहे. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक "यचे" आणि "यची"खाली रेघ मारली. एकतीस निघाले. त्यांतले पाच सुरुवातीला ठेवले, रोजचं काय ते कळावं म्हणून. मग "एके दिवशी बेबीला जागच आली नाही" हे वाक्य आलं आणि त्यापुढे एकही नाही. उठली, धावली, पडली, रडली. तिथून गोष्ट पळायला लागली.

तिसरं, ही गोष्ट सांगणार कोण? "मी" म्हणून लिहिली तर फाट्यावर थांबते, कारण पुढचं मी पाहिलंच नाही. दादाकडून लिहिली तर धावणं जातं. दोन दिवस अडले होते. मग लक्षात आलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असलेला एकच आहे, तो डबा. मग मी डब्याच्या मागे मागे गेले. चुलीपासून माझ्या हातात, बांधावर, कंडक्टरच्या हातात, एसटीत, नगरच्या स्टँडवर, दादाच्या खोलीत. डब्याला बोलायला लावलं नाही, ते मला नको होतं. फक्त तो जिथे जाईल तिथे वाक्य गेलं. मुलीचं नाव बेबी ठेवलं. घरात दादा-ताई सोडून मला कुणी बेबी म्हणत नाही, म्हणजे मुलांना शोधायला काहीतरी राहिलं.

मधला भाग मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला. रात्री गावात मुक्काम केलेली गाडी पहाटे पारापासून निघायची, पुढच्या वाडीला वळसा घालून फाट्यावर यायची. गाडी चुकली तर शेतातून आडवं पळत फाटा गाठता यायचा.

"बेबी बांधावरून पळाली. ढेकळात पाय अडकला. धप्प! डबा सुटला, कडी तुटली, भाकऱ्यांचे तुकडे मातीत. बेबीने रिकामा डबा उचलला आणि तशीच पळत सुटली. फाट्यावर गाडी हलली होती. टिंग, एक घंटी झाली. गाडी थांबली. कंडक्टरकाका खाली उतरले. त्यांनी झाकण उघडून पाहिलं. बेबीकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. आपल्या पिशवीतून फडकं काढलं, त्यातलं काहीतरी डब्यात ठेवलं, आणि कडी तुटली होती म्हणून तेच फडकं डब्याला बांधलं. टिंग टिंग. गाडी गेली."

आधी इथे "दयाळू कंडक्टर" होतं, ते काढलं. "बेबीला खूप वाईट वाटलं" तेही काढलं. रिकामा डबा घेऊन ती पळतेच आहे, यात ते आलं. आणि "काहीतरी" हा शब्द मुद्दाम ठेवला. मी तेव्हा पाहिलंच नव्हतं काय होतं ते, आणि ऐकणाऱ्यालाही अजून कळू नये. चॅटमध्ये दादाने शेवट आधी सांगून टाकला होता. गोष्टीत तो नगरला पोचेपर्यंत थांबायला हवा.

कंडक्टर दिसायला कसे होते यावरून मात्र आमचं जमलं नाही. दादा म्हणतो मिशा होत्या, ताई म्हणते पोरगेलासा होता. मला आठवतो तो फक्त खाकी बाहीचा हात आणि त्यातला तिकीट पाडायचा चिमटा. गोष्टीत तेवढाच हात आला.

एक गोष्ट वगळताना मी खूप विचार केला. पुढच्या वर्षी दादाची शाळा सुटली आणि तो वडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. ग्रुपवर त्याने तेही लिहिलं होतं, एका ओळीत. पाच वर्षांच्या मुलीला झोपताना वाचायच्या गोष्टीत ते मी आणलं नाही. पण "आणि मग दादा शिकून मोठा झाला" असं खोटंही लिहिलं नाही. गोष्ट त्याच दिवशी संपते. ती ओळ मी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहे, नातू बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला देईन. गोष्ट दादाला पाठवली तेव्हा हे पानही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर केलंस."

शेवट दादाचाच आहे. फोन करून विचारलं, डबा उघडलास तेव्हा नेमकं काय केलंस? तो म्हणाला, "आधी वास आला." मग शेवटच्या ओळी अशा झाल्या:

"दादाने फडक्याची गाठ सोडली. वास वेगळाच आला. आत एकच भाकरी होती. तांबडी नव्हती. काळपट, जाड, बाजरीची! दादाने एक घास घेतला आणि मनात म्हणाला, ही आईची नाही."

सगळी मिळून सव्वाचारशे शब्दांची झाली, सावकाश वाचली तर चार मिनिटं लागतात. नातवाला स्वतः वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरात छापली आणि जिथे दोन-तीन जोडाक्षरं एकापाठोपाठ आली होती तिथे सोपे शब्द घातले. तो इंग्रजी शाळेत जातो, "स्टँड"पाशी अडखळतोच, पण "धप्प" आणि "टिंग टिंग" त्याने दर वेळी मोठ्याने म्हटलं.

वसुबारसेच्या रात्री दोघांना वाचून दाखवली. "बेबी म्हणजे तूच ना?" हे नातवाने दुसऱ्याच पानाला ओळखलं. नात शेवटपर्यंत गप्प होती. मग तिने विचारलं, "कंडक्टरकाकांनी मग काय खाल्लं?"

आम्हा तिघांपैकी कुणाच्या कधी हे मनात आलं नव्हतं. त्याच रात्री ग्रुपवर विचारलं. दादाला माहीत नाही. ताईला एवढं आठवतं की आईने एकदा तिच्या हातून पारावर पिठलं पाठवलं होतं, मुक्कामी गाडीच्या लोकांसाठी. पण ते कधी आणि कशासाठी, हे तिला सांगता येईना. मी दोन्ही गोष्टी जोडून छान शेवट करू शकले असते. पण ती जोड आमच्यापैकी कुणालाही आठवत नव्हती, म्हणून केली नाही.

सकाळी नातीने चित्र काढून आणलं. लाल गाडी, दारात खाकी कपड्यातले कंडक्टरकाका, त्यांच्या हातात अर्धी भाकरी. दुसरी अर्धी डब्यात. गोष्टीत मी "एकच भाकरी" लिहिलं होतं, ती अख्खी की अर्धी, हे लिहायचं राहिलं होतं. दादाला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "आता तिने काढली तशी."

मी वाक्य बदललं नाही. चित्र त्याच पानासमोर चिकटवलं.