दोन ओळींत काय मावतं?

"मॅडम, लिंक्डइनच्या अबाउटमध्ये मी भरपूर लिहिलंय, पण मोबाइलवर पहिल्या दोनेक ओळीच दिसतात आणि पुढे ‘सी मोअर’ येतं. त्या दोन ओळींत असं काय लिहू की समोरचा पुढे वाचेल?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी भरतीचं काम करते, जास्त करून कारखान्यांसाठी, आणि प्रोफाइल बहुतेक वेळा फोनवरच बघते. अबाउटपर्यंत पोचते तेव्हा तुमचं नाव, फोटो, हेडलाइन आणि गाव माझं वाचून झालेलं असतं. तरी दहातल्या सात-आठ जणांची पहिली ओळ हेडलाइनचीच उजळणी असते: ‘मी अनुभवी, मेहनती क्वालिटी इंजिनिअर असून...’ वरती क्वालिटी इंजिनिअर वाचलंच की! मेहनतीचं म्हणाल, तर आळशी आहे असं आजवर कुणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

अबाउटला २६०० अक्षरांची मुभा आहे, पण फोनवर घडी घातलेल्या मजकुरातून दिसतं ते साधारण ऐंशी-नव्वद इंग्रजी अक्षरांएवढं. नेमका आकडा धरून बसू नका, कारण फोनची रुंदी आणि फॉन्टचा आकार बदलला की ओळ वेगळ्या जागी तुटते. मराठीत लिहिणार असाल तर अक्षरं मोजून काहीच कळत नाही. ‘स्त्री’ या शब्दाचे युनिकोडमध्ये सहा घटक होतात, पण पडद्यावर तो दीड-दोन अक्षरांची जागा घेतो. म्हणून मोजत बसण्यापेक्षा महत्त्वाचा शब्द जितका पुढे आणता येईल तितका आणा.

चाकणच्या एका क्वालिटी इंजिनिअरचं उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियम डाय कास्टिंगमधला, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून भाग घडवणारा माणूस. मूळ मजकूर इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगते. सुरुवात अशी: ‘वाहन उद्योगातील नऊ वर्षांच्या समृद्ध अनुभवासह मी सातत्याने गुणवत्ता सुधारणेसाठी...’ आणि इथे कात्री. तिसऱ्या परिच्छेदात मात्र सोनं पुरलेलं होतं: गिअरबॉक्स हाउसिंगची लीक टेस्टमधली रिजेक्शन त्याने सात टक्क्यांवरून दोनवर आणली होती, आणि तीही नवीन मशीन न घेता.

मग आम्ही सुरुवात अशी केली: ‘हाउसिंगची लीक टेस्ट रिजेक्शन ७ वरून २ टक्के. मशीन तेच, डाय तीच. बदललं ते...’

कात्री कुठेही बसली तरी आकडा वाचला जाणारच, कारण तो पहिल्याच वाक्यात आहे. आणि ‘मशीन तेच, डाय तीच’ वाचून या धंद्यातल्या माणसाच्या डोक्यात लगेच येतं, मग केलं काय? पुढचं उत्तर दोन ओळींचं: पहिल्या संथ टप्प्यात धातू ढकलणाऱ्या प्लंजरचा वेग जास्त होता, त्यामुळे शॉट स्लीव्ह नावाच्या नळीतली हवा धातूत कोंडली जात होती, तो वेग कमी केला आणि डायचे एअर व्हेंट साफ करायचं वेळापत्रक लावलं. हे उत्तर घडी उघडताच मिळालं पाहिजे. उत्सुकता चाळवून पुढे पुन्हा ‘समृद्ध अनुभव’ वाढलात, तर तुम्हाला फोन करायचं माझ्या मनातूनच जातं.

‘तुम्हाला माहीत आहे का?’ किंवा एखादं सुविचारवजा वाक्य, ही सुरुवात हल्ली फार बोकाळली आहे. त्यातून तुमच्या कामाबद्दल अवाक्षर कळत नाही आणि जागा मात्र सगळी जाते. पहिल्या ओळीनंतर एक ओळ मोकळी सोडण्याची फॅशनही तशीच. ती मोकळी ओळसुद्धा जागा खाऊ शकते, म्हणून पहिली दोन-तीन वाक्यं सलग ठेवा.

तपासायचं कसं? स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या लॉगिनने नको, कारण तुम्हाला तुमचं पान इतरांपेक्षा वेगळं दिसतं. एखाद्या सहकाऱ्याच्या फोनवरून बघा, आणि एकदा घरातल्या मोठा फॉन्ट ठेवणाऱ्या कुणाच्या तरी. जे दिसतंय तेवढंच मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘हा माणूस काय करतो?’ उत्तरात ‘रिजेक्शन’ किंवा ‘लीक टेस्ट’ आलं तर जमलं. ‘इंजिनिअर आहे वाटतं’ एवढंच आलं, तर पहिलं वाक्य उडवा आणि दुसऱ्यापासून सुरू करून बघा. बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

आता आकड्यांचं. कंपनीचे रिजेक्शनचे आकडे बाहेर सांगायला बंदी असेल तर टक्के आणि ग्राहकाचं नाव दोन्ही गाळा. ‘लीक टेस्टमधली रिजेक्शन निम्म्याहून खाली आणली’ असं लिहा, पण तेही वरिष्ठांना विचारून.