आमची वाटचाल: रिकामी पट्टी

दोन लॅपटॉप आणि एक एक्सेल शीट, एवढ्यावर मी आणि माझ्या भागीदाराने सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम सुरू केलं. मधली वर्षं बरी गेली, त्यांचं काय सांगायचं! सांगायचंय ते एका सेलच्या दिवसाबद्दल.

एका ऑनलाइन दुकानाच्या होमपेजवर मागच्या खरेदीवरून 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' अशी पट्टी येई. तिचं टेस्टिंग आमच्याकडे. रिकामी हिस्टरी, नवा युजर, संपलेला स्टॉक, सगळं एकेक करून तपासलं, सगळं पास. सेलच्या दिवशी दुपारी मात्र नव्या गिऱ्हाइकांना नुसतं शीर्षक दिसायला लागलं, खाली पांढरी जागा. जुन्यांना सगळं ठीक.

झालं असं, की ज्याची खरेदीच नाही त्याला सिस्टीम सर्वाधिक खपाच्या १० वस्तू दाखवायची. ती यादी रात्री बनायची आणि स्टॉक संपलेल्या वस्तू पान उघडताना गाळल्या जायच्या. सेलमध्ये आधी संपतात त्या नेमक्या खपाच्याच वस्तू. दुपारपर्यंत दहाच्या दहा गळल्या, आणि मागे राखीव कोणीच नव्हतं. नवा युजर आणि संपलेला स्टॉक ही जोडी आम्ही एकत्र कधी लावलीच नव्हती.

त्यात आमचं 'नवं' टेस्ट अकाउंट दोन वर्षांचं जुनं निघालं! कुणीतरी कधीतरी त्यावरून ऑर्डर टाकली होती, म्हणजे खपाच्या यादीपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. तेव्हापासून दर वेळी नवं अकाउंट काढतो. रिकामी हिस्टरी `[]` म्हणजे रिकामी यादी म्हणून येते का `null` म्हणजे यादीच नाही म्हणून, तेही बघतो. जुन्या पण काहीच न घेतलेल्या माणसाला पहिलं मिळतं, आजच आलेल्याला बऱ्याचदा दुसरं, आणि एकावर चालणारा कोड दुसऱ्यावर कोसळू शकतो.

काम गेलं. दुसऱ्या एका कंपनीने आमचाच बग दाखवून ते मिळवलं. आमच्या एका जुन्या क्लायंट मॅडम तेवढ्या थांबल्या. "चूक सापडलीय ना? मग आमच्याकडे आधी तीच तपासा," म्हणाल्या.

त्यांच्याकडे यादी ५० वस्तूंची ठेवून घेतली. आधी स्टॉक संपलेल्या गाळायच्या, मग १० निवडायच्या. ४ सुद्धा उरल्या नाहीत तर शीर्षकासकट पट्टी लपवायची. तपासताना वरून एकेका वस्तूचा स्टॉक शून्य करत जा आणि खालून कोण वर येतंय ते डोळ्यांनी बघा. प्रिंटर घेतलेल्याच्या पट्टीत शाई गेल्यावर कागद आला तर ठीक, मोबाइलचं कव्हर आलं तर जागा भरली पण संबंध तुटला. कव्हर सगळेच घेतात, म्हणून ते सगळ्यांबरोबर दिसतं. कुणी विचारलं नसताना सांगतोय, पण ही तपासणी स्क्रिप्टवर सोडू नका.

पहिल्या दुकानाचं काम सोडताना आम्ही काय काय तपासायचं त्याची एक्सेल शीट दुरुस्त करून त्यांना दिली होती. नवा युजर आणि संपलेला स्टॉक एकत्र, ही ओळ ४७वी. परवा त्या दुसऱ्या कंपनीचं प्रेझेंटेशन पाहिलं. तीच ओळ, आमच्या स्पेलिंगच्या चुकीसकट.