सोसायटीतील पुस्तक अदलाबदल : कुपनांचा हिशेब आणि उरलेली पुस्तके

आमच्या सोसायटीत पुस्तकांची अदलाबदल पहिल्यांदा केली, तेव्हा 'एक आणा, एक न्या' एवढाच नियम होता. एका कुटुंबाने जुन्या अभ्यासक्रमाची पिशवीभर गाइडे आणली आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या बदल्यात तेवढ्याच कोऱ्या कादंबऱ्या नेल्या. नियम त्यांनी मोडला नव्हता. नियमच कच्चा होता.

यंदा मी पुस्तके आदल्या दिवशीच, शनिवारी, क्लबहाउसमध्ये जमा करून घेतली. गाइडे, पाठ्यपुस्तके आणि पाने सुटलेल्या प्रती घेणार नाही, हे सूचनाफलकावर आधीच लिहिले होते. तरीही आलेल्या २८६ पुस्तकांपैकी ३८ टेबलावरूनच परत करावी लागली. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांना कसर लागली होती. पुस्तक उघडून शिवणीपाशी बोट फिरवले की भुकटी हाताला लागते आणि पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. असे एक पुस्तक खोक्यात राहिले तर शेजारच्या पुस्तकांनाही धोका असतो.

किमतीवरून वाटणी करावी, असे काहींचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, कारण छापील किंमत जुन्या पुस्तकावर हास्यास्पद वाटते. त्याऐवजी सोसायटीचा शिक्का मारलेली दोन रंगांची कुपने केली : लहान मुलांच्या पुस्तकाला पिवळे, मोठ्यांच्या पुस्तकाला निळे. पिवळ्यावर फक्त मुलांचेच पुस्तक मिळे, त्यामुळे सोळा पानी चित्रपुस्तक देऊन जाडजूड चरित्र नेण्याची सोय उरली नाही. रविवारी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला. पहिल्या फेरीत प्रत्येक घराला तीनच पुस्तके आणि सर्वांची पाळी संपल्यावर उरलेली कुपने वापरायची मुभा, असे ठेवले. दिवाळी अंक मात्र कुपनाशिवाय वेगळ्या टोपलीत ठेवले. त्यांवर हिशेब कोण करत बसणार?

एक चूक माझ्याकडून झालीच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी धापा टाकत आल्या. "अहो, ह्यांची सही असलेलं पुस्तक मुलाने चुकून दिलं," म्हणाल्या. सुदैवाने ते खालच्याच मजल्यावर गेले होते आणि शेजाऱ्यांनी लगेच परत दिले. आता जमा करून घेताना पहिले पान उघडून, सही किंवा अर्पणाची ओळ दिसली की, "हे द्यायचंच आहे ना?" असे विचारायचे, हे ठरले आहे.

घेतलेल्या २४८ पुस्तकांपैकी ६१ उरली. रविवारी रात्री आठपर्यंत आपले पुस्तक परत न्यावे, नंतर त्याचा निर्णय समिती घेईल, असे कुपनाच्या मागेच छापले असल्याने वाद झाला नाही. चौदा पुस्तके मालकांनी नेली. जवळच्या वाचनालयाला थेट खोकी न पाठवता आधी यादी पाठवली. त्यांच्याकडे जागा कमी असल्याने त्यांनी २३ निवडली. उरलेली चोवीस बहुतेक कालबाह्य संगणक-पुस्तके होती. ती कोणाच्या तरी गळ्यात मारण्याऐवजी मी सरळ रद्दीत घातली आणि आलेले पैसे पुढच्या वेळच्या कुपनांच्या छपाईसाठी जमा केले.